दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले आणि 27 रुपये 14 पैसे कापले गेले: हा चार्ज का लागतो, मोजतात कसा, आणि चुकून लागला तर परत कसा मिळवायचा

ऑक्टोबर 2025 मध्ये आईचा वाईहून फोन आला. पासबुक भरून आणलं होतं तिने आणि त्यात एकाखाली एक तीन ओळी, प्रत्येक ओळीत 27.14. "अगं, मी सत्तावीस रुपये कधी काढले? आणि हे चौदा पैसे कुठल्या मशीनमधून निघतात?" तिचं म्हणणं बरोबरच होतं, चौदा पैसे कुठल्याच मशीनमधून निघत नाहीत. मी फोटो मागवला, तिचे सप्टेंबरातले सगळे एसेमेस समोर घेऊन बसले आणि एकेक ओळ जुळवली तर तीनपैकी दोन चार्ज बरोबर निघाले आणि एक चुकीचा. तो एक परत मिळाला. हे सगळं कसं जुळवलं ते नीट लिहून ठेवते, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पासबुकात असल्या ओळी असतात आणि सगळे "बँक कापते काहीतरी" म्हणून सोडून देतात.

आधी हे पैसे नक्की कशाचे ते समजून घ्या

तुमचं खाते एका बँकेत आहे आणि तुम्ही कार्ड घातलंत दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये. त्या मशीनमध्ये नोटा भरणं, जागेचं भाडं, वीज, एसी, कॅमेरा, देखभाल हा सगळा खर्च त्या दुसऱ्या बँकेचा असतो आणि तुम्ही तर तिचे ग्राहकच नाही. म्हणून तुमची बँक त्या बँकेला दर व्यवहारामागे ठरलेली रक्कम देते, तिला इंटरचेंज फी म्हणतात. सध्या, म्हणजे 1 मे 2025 पासून, पैसे काढले तर 19 रुपये आणि नुसता बॅलन्स बघितला किंवा मिनी स्टेटमेंट काढलं तर 7 रुपये, वर जीएसटी. त्याआधी हे 17 आणि 6 होते, आणि 2021 च्या ऑगस्टआधी 15 आणि 5.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही इंटरचेंज फी तुमच्या पहिल्या व्यवहारापासून जाते. म्हणजे जे व्यवहार आपल्याला "मोफत" वाटतात ते आपल्यासाठी मोफत असतात, आपली बँक त्याचेही 19 रुपये दुसऱ्या बँकेला मोजतच असते. रिझर्व्ह बँकेने फक्त एवढं बंधन घातलंय की बचत खात्यावर महिन्याला ठराविक व्यवहारांपर्यंत बँकेने हा खर्च स्वतः सोसायचा, ग्राहकाकडून घ्यायचा नाही. तो आकडा संपला की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला बँक तुमच्याकडून चार्ज घेऊ शकते आणि त्याची कमाल मर्यादा 1 मे 2025 पासून 23 रुपये अधिक कर अशी आहे. जानेवारी 2022 पासून ती 21 होती, त्याआधी 20.

मग ते 27.14 कुठून आले? 23 रुपयांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 4.14, बेरीज 27.14. चौदा पैशांचं उत्तर एवढंच आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकते. बऱ्याच जणांना वाटतं की ज्या मशीनमधून पैसे काढले त्या बँकेने चार्ज लावला. तसं नाहीये, चार्ज तुमच्या खात्यातून तुमचीच बँक कापते. त्यामुळे तक्रारही तुमच्याच बँकेत करायची, त्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत जाऊन भांडलात तर ते बिचारे काहीच करू शकत नाहीत, तुमचं खातंच त्यांच्याकडे नाही. आणि मशीनच्या पडद्यावर "तुमचे दोन मोफत व्यवहार शिल्लक आहेत" असं का येत नाही त्याचंही कारण हेच, मोजणी तुमच्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असते, त्या मशीनला तुमचा महिन्याचा हिशोब माहीतच नसतो.

पहिली पायरी: तुमचा मोफत आकडा किती ते शोधा

रिझर्व्ह बँकेने 2014 च्या नोव्हेंबरपासून जे लावलंय ते आजही चालू आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर सहा मेट्रो शहरांमध्ये महिन्याला तीन व्यवहार मोफत आणि बाकी सगळीकडे पाच. ही सहा शहरं म्हणजे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद. पुणे यात नाही, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजी यातलं काहीच नाही. पुण्यात आता मेट्रो धावते म्हणून पुणे मेट्रो शहर झालं असं एका काकांनी मला अगदी ठासून सांगितलं होतं, पण या नियमातल्या मेट्रोचा रेल्वेशी संबंध नाही. (स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच मोफत असतात, तो वेगळा हिशोब, दोन्ही एकमेकात मिसळू नका.)

आणि इथेच आईची पहिली चूक झाली. तिला वाटलं खातं वाईच्या शाखेत आहे म्हणजे आपल्याला पाच मोफत. पण खातं कुठे आहे ते बघतच नाहीत, मशीन कुठे उभं आहे ते बघतात. वाईचं कार्ड दादरला वापरलं की तो मेट्रोतला व्यवहार आणि दादरचं कार्ड वाईला वापरलं की तो बिगर मेट्रो.

मुंबईच्या कडेला राहणाऱ्यांचा पुढचा प्रश्न असतो की आमचं मशीन कशात मोजतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय की प्रत्येक एटीएमवर ते "मेट्रो" आहे की "नॉन मेट्रो" ते स्टिकरने, पोस्टरने किंवा पडद्यावर दाखवायचं. आत शिरल्यावर मशीनच्या अंगावर, दारावर किंवा भिंतीवर बघा, बऱ्याचदा स्टिकर असतो पण कुणी वाचत नाही. नसेल तर तुमच्या बँकेच्या कस्टमर केअरला त्या एटीएमचा पत्ता आणि पावतीवरचा एटीएम आयडी सांगून विचारा.

तीन आणि पाच हे किमान आकडे आहेत, बँक यापेक्षा जास्त मोफत देऊ शकते आणि काही देतातही. सॅलरी खात्यावर पुष्कळदा कितीही वेळा मोफत असतं. उलट करंट खात्याला हा नियमच लागू नाही, तो फक्त बचत खात्यासाठी आहे. जनधन किंवा साधं बेसिक बचत खातं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते शाखेतच विचारून घ्या. म्हणून बँकेच्या वेबसाइटवर "सर्व्हिस चार्जेस" नावाचा तक्ता असतो तो उघडा, तुमच्या खात्याचा प्रकार शोधा आणि त्यातली एटीएमची ओळ वाचा. आईच्या बँकेच्या तक्त्यात होतं की दुसऱ्या बँकांच्या एटीएमवर महिन्याला एकूण पाच मोफत, त्यात मेट्रोत जास्तीत जास्त तीन. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: काय मोजतात आणि काय नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर बॅलन्स बघणं हा एक पूर्ण व्यवहार आहे, मिनी स्टेटमेंटही तसंच. त्या तीन किंवा पाचात पैसे काढणं आणि नुसतं बघणं दोन्ही एकत्र धरतात. म्हणजे पेन्शन जमा झाली का बघायला आधी बॅलन्स बघितला आणि मग लगेच पैसे काढले तर तीनपैकी दोन गेले, आणि आपल्याला वाटतं मी तर एकदाच गेले होते. (हेच तुमच्या स्वतःच्या बँकेच्या मशीनवर केलं तर बॅलन्स बघणं मोजत नाहीत, तिथे फक्त पैसे काढणं मोजतात.)

दुसरी गोष्ट रकमेची. दुसऱ्या बँकेचं कार्ड घातलं की बहुतेक मशीन एका वेळी 10,000 च्या वर देत नाहीत. तुमच्या कार्डाची दिवसाची मर्यादा 25,000 असली तरी. मग 15,000 हवे असतील तर दोनदा कार्ड घालावं लागतं आणि ते दोन व्यवहार होतात, एकाच मिनिटात, एकाच मशीनवर असले तरी दोनच.

तिसरं म्हणजे कार्डाशिवाय यूपीआयचा क्यूआर स्कॅन करून एटीएममधून पैसे काढायची सोय आलीये ना, लोकांना वाटतं यूपीआय आहे म्हणजे फुकट. पण ते कार्डासारखंच धरतात, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर केलं तर मोफत आकड्यातून वजा होतं आणि आकडा संपल्यावर चार्ज लागू शकतो.

किराणा दुकानाशेजारी, पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडजवळ जी कुठल्याच बँकेचं नाव नसलेली, कंपनीच्या नावाची एटीएम असतात ना, ती व्हाइट लेबल एटीएम. ती कुणाचीच स्वतःची नसतात, म्हणजे सगळ्यांसाठी दुसऱ्या बँकेची. छोट्या सहकारी बँकेत खातं असणाऱ्यांनी तर हे जास्तच जपावं, बँकेची स्वतःची मशीन दोन चार असतात, त्यामुळे गावाबाहेर पडलं की प्रत्येक व्यवहार "दुसऱ्या बँकेचा" होतो.

आता काय मोजायचं नाही ते. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलंय की मशीन बिघडलं, लाइन गेली, सॉफ्टवेअरने दगा दिला, मशीनमध्ये नोटाच नव्हत्या, किंवा पिन चुकला अशा कारणांनी जो व्यवहार झालाच नाही तो मोजायचा नाही आणि त्याला चार्जही लावायचा नाही. पिन चुकणं तर आपली चूक असते तरी ते मोजत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण यातून एक गोष्ट सुटते आणि ती नीट लक्षात घ्या. खात्यात पैसे कमी असताना जास्त मागितले, समजा खात्यात 1,800 आहेत आणि 2,000 मागितले, तर मशीन नाही म्हणतं आणि बऱ्याच बँका याला वेगळा दंड लावतात, 20 किंवा 25 रुपये अधिक जीएसटी. हा मोफत आकडा संपल्याचा चार्ज नाही, हा पहिल्याच व्यवहाराला पण लागू शकतो. खात्यात किती आहे याची खात्री नसेल तर मशीनवर बॅलन्स बघू नका, मोबाइल अ‍ॅपवर बघा किंवा बँकेचा मिस्ड कॉलचा नंबर असतो त्यावर मिस्ड कॉल द्या, एसेमेस येतो, पैसे लागत नाहीत आणि मोफत आकडाही खर्च होत नाही.

तिसरी पायरी: पासबुकातली ओळ ओळखा

पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये या ओळीत `CHG`, `CHGS` किंवा `CHRG` असे काहीतरी अक्षर असतं, सोबत `ATM`. दंडाची ओळ असेल तर त्यात `DECL` किंवा `DECLINE` असं दिसतं. पण प्रत्येक बँकेचं लिहिणं वेगळं, आणि पासबुक प्रिंटरवर अर्धी अक्षरं कापली जातात, म्हणून माझी पद्धत अशी की अक्षरं सोडा, रक्कम बघा. कापलेल्या रकमेला 1.18 ने भागा, जीएसटी निघून जातो आणि मूळ चार्ज समोर येतो.

27.14 भागिले 1.18 म्हणजे 23, हा दुसऱ्या बँकेच्या एटीएमचा चार्ज. 24.78 असेल तर मूळ 21, म्हणजे एकतर मे 2025 आधीचा व्यवहार किंवा तुमच्या बँकेने दर वाढवलेला नाही. 23.60 म्हणजे 20 आणि 29.50 म्हणजे 25, हे दिसलं की आधी कमी बॅलन्सच्या दंडाची शंका घ्या. तीन महिन्यांतून एकदा 17.70 दिसलं तर ते बहुतेक एसेमेसचे 15 रुपये असतात, एटीएमशी संबंध नाही. आणि भागाकार 23 च्या वर गेला आणि ओळ मात्र एटीएममधून पैसे काढल्याचीच आहे, तर थांबा आणि बँकेला विचारा, कारण देशातल्या एटीएमवर एका व्यवहाराला 23 पेक्षा जास्त घेता येत नाही.

तारखेने गोंधळ होतो तोही सांगते. काही बँका चार्ज त्याच दिवशी कापतात, काही महिना संपल्यावर सगळे एकदम. आईच्या बँकेने सप्टेंबरचे तिन्ही 4 ऑक्टोबरला कापले. ती ऑक्टोबरात एकदाही एटीएमला गेली नव्हती म्हणून ती जास्तच चिडली. आणि खात्यात चार्जपुरतेही पैसे नसतील तर बँक थांबते आणि पुढे पैसे जमा झाले की कापते, म्हणून कधीकधी पगार किंवा पेन्शन आल्याबरोबर जुने दोन तीन चार्ज एकदम गेलेले दिसतात.

चौथी पायरी: महिन्याचा हिशोब मांडा

कागद घ्या आणि 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरचे सगळे व्यवहार तारखेने लिहा. मोजणी महिन्याची असते, 1 तारखेला परत शून्यापासून सुरू. एसेमेस, पावत्या, पासबुक तिन्हीतून घ्या, कारण बॅलन्स बघितल्याची ओळ पासबुकात येत नाही आणि नेमकी तीच विसरली जाते. आईचा सप्टेंबर असा होता. गणपतीला मुंबईला आली होती आणि पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच केलं, म्हणून पितृपक्षापर्यंत राहिली. तिच्या बँकेचं एटीएम आमच्या घरापासून लांब आहे, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बँकेच्या मशीनवर जायची.

2 तारखेला तिने आधी बॅलन्स बघितला, हा पहिला. मग 3,000 काढले, हा दुसरा. 8 तारखेला दवाखान्यात 15,000 रोख भरायचे होते, मशीनने 10,000 दिले, हा तिसरा, आणि इथे मुंबईतले मोफत संपले. तिला हे कळलंच नाही, कारण तिच्या डोक्यात हा दुसराच व्यवहार होता. लगेच पुन्हा कार्ड घालून 5,000 काढले, हा चौथा, चार्ज 27.14. 11 तारखेला औषधांसाठी गेली, डोळ्याला पट्टी होती, पिन एकदा चुकला, तो मोजायचा नाही. दुसऱ्यांदा बरोबर टाकून 2,000 काढले, हा पाचवा, चार्ज 27.14.

19 तारखेला 2,000 मागितले, मशीनने बराच वेळ घरघर केली आणि नोटा आल्याच नाहीत, पण मोबाइलवर खात्यातून 2,000 गेल्याचा एसेमेस आला. 22 तारखेला ते 2,000 आपोआप परत जमा झाले. हा व्यवहार झालाच नाही, म्हणजे मोजायचा नाही.

21 ला ती घटस्थापनेसाठी वाईला परत गेली आणि 24 तारखेला तिथल्या बाजारातल्या दुसऱ्या बँकेच्या मशीनमधून 1,000 काढले. याला चार्ज लागला नाही. का? कारण तक्त्यातलं ते वाक्य: एकूण पाच मोफत, त्यात मेट्रोत जास्तीत जास्त तीन. मुंबईत तीन मोफत वापरले, वरचे दोन पैसे भरून झाले, म्हणजे मोफतपैकी दोन अजून शिल्लक होते, फक्त ते मेट्रोबाहेरच वापरता येत होते.

आता जुळवा. चार्ज लागायला हवे होते दोन, 54.28. कापले तीन, 81.42. फरक 27.14. आणि तिसऱ्या ओळीच्या तपशिलात 19 तारीख छापलेली होती, म्हणजे बँकेने नोटा न आलेला व्यवहार मोजून त्यालाच चार्ज लावला. पैसे परत देताना व्यवहार उलटवला पण चार्जच्या मोजणीतून काढायचा राहिला. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे स्टेटमेंटमध्ये एकाच रकमेची एक वजा आणि काही दिवसांत एक जमा अशी जोडी दिसते का ते बघा, आणि तशी जोडी असेल तर त्या तारखेचा चार्ज शोधा.

नोटाच न येण्याबद्दल अजून एक, कारण ते पैसे मोठे असतात. खात्यातून गेले आणि हातात आले नाहीत तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा करायचे असतात, नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते, तीही न मागता. आईचे तीन दिवसांत आले म्हणून भरपाईचा प्रश्न नव्हता. ही भरपाई अडकलेल्या रकमेसाठी आहे, चुकून लागलेल्या 27.14 साठी ती मागू नका, तक्रार उगाच लांबते.

पाचवी पायरी: तक्रार

मी आधी कस्टमर केअरला फोन लावला. तिकडच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, लिमिट संपली होती म्हणून चार्ज लागलाय, सिस्टिमने लावलाय." हे उत्तर ठरलेलंच असतं आणि तुम्ही "एवढे पैसे का कापले" असं विचारलंत तर हेच मिळणार. म्हणून सगळ्या चार्जबद्दल तक्रार करू नका, जे बरोबर आहेत ते आधीच मान्य करा आणि चुकीच्या एकाच ओळीवर बोट ठेवा. आईच्या नावाने लेखी दिलं ते साधारण असं होतं:

"माझ्या बचत खात्यातून 4 ऑक्टोबर 2025 रोजी एटीएम व्यवहारांचे तीन चार्ज प्रत्येकी 27.14 रुपये वजा झाले आहेत. त्यातील 8 व 11 सप्टेंबरच्या व्यवहारांचे चार्ज मला मान्य आहेत. 19 सप्टेंबरचा 2,000 रुपयांचा व्यवहार तांत्रिक कारणाने पूर्ण झाला नाही, रोख मिळाली नाही व ती रक्कम 22 सप्टेंबर रोजी खात्यात परत जमा झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 14 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकानुसार असा व्यवहार मोजता येत नाही व त्यावर चार्ज घेता येत नाही. तरी 27.14 रुपये परत जमा करावेत ही विनंती."

सोबत स्टेटमेंटचं पान, त्यात वजा, जमा आणि चार्ज या तिन्ही ओळींना पेनाने गोल, आणि 19 तारखेच्या एसेमेसचा स्क्रीनशॉट. मशीनमधून पावती आली असेल तर तिचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो कागद उष्णतेने छापतात, महिन्याभरात अक्षरं उडतात. कार्डाचा पूर्ण नंबर, पिन, ओटीपी यातलं काहीही तक्रारीत लिहायचं नसतं, शेवटचे चार आकडे पुरतात. कुणी फोनवर "चार्ज परत करतो, ओटीपी सांगा" म्हणाला तर फोन ठेवा, चार्ज परत करायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरा.

तक्रार अ‍ॅपमधून, ईमेलने किंवा शाखेत, कशीही द्या, पण तक्रार क्रमांक घ्याच. शाखेत कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागा. मागायला संकोच करू नका, आईला आधी वाटत होतं सत्तावीस रुपयांसाठी साहेबांना कसं सांगायचं, पण काउंटरवरच्या मॅडमनी शांतपणे शिक्का मारून दिला. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. तिथे पहिलंच विचारतात की बँकेकडे तक्रार कधी केली, तेव्हा तो क्रमांक आणि शिक्क्याची प्रत कामाला येते. बँकेला न विचारता थेट तिकडे गेलात तर तक्रार परत येते.

आमचं तिथपर्यंत गेलं नाही. नवव्या दिवशी आईच्या खात्यात 27.14 जमा झाले.

आता ती मुंबईला येते तेव्हा पर्समध्ये एक चिठ्ठी असते, त्यावर महिन्याचं नाव आणि खाली तीन चौकोन. कोपऱ्यावरच्या मशीनवर जाऊन आली की एक चौकोन भरते, तिन्ही भरले की लांबच्या स्वतःच्या बँकेच्या एटीएमपर्यंत चालत जाते किंवा मला म्हणते, "तू मला रोख दे, मी तुला यूपीआयने पाठवते." बॅलन्स मात्र आता मिस्ड कॉलवरच बघते आणि मोठी रक्कम लागणार असेल तर वाईहून निघायच्या आधी शाखेतूनच काढून आणते.